अरुंद गच्ची आणि दोन दिशांचा हिशेब

करमाडच्या बाजारपेठेतील आमच्या पुतण्याचे दुकान जालना रस्त्याच्या उत्तर अंगाला आहे. खाली किराणा-भुसार, वर राहते घर आणि त्यावर गच्ची. हा रस्ता छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे, म्हणजे साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. त्यामुळे रस्त्याला तोंड असलेले भूखंड समोरून अरुंद आणि उत्तर-दक्षिण लांब असे पडले आहेत. पुतण्याची गच्चीही तशीच आहे. तिची पूर्व-पश्चिम रुंदी १८ फूट आणि उत्तर-दक्षिण लांबी ६० फूट. मागील, म्हणजे उत्तरेकडील भागात जिन्याची खोली व पाण्याच्या टाक्या आहेत. त्या आणि पुढची थोडी जागा वगळली, की पॅनेलसाठी ३८ फूट लांबी मोकळी राहते.

गेल्या दिवाळीनंतर तो दोन दरपत्रके घेऊन माझ्याकडे आला. एकात दक्षिणेकडे तोंड केलेली १६ पॅनेल होती, दुसऱ्यात अर्धी पूर्वेला व अर्धी पश्चिमेला कललेली २० पॅनेल. प्रत्येक पॅनेल ५४० वॉटचे. तो म्हणाला, “काका, दुसरा विक्रेता म्हणतो की अरुंद गच्चीवर पूर्व-पश्चिमच बसवावे. त्याच जागेत पाव हिस्सा जास्त वीज मिळेल, आणि सकाळ-संध्याकाळही चांगली मिळेल.”

बँकेत असताना कर्जप्रकरणांतील प्रकल्प अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या सवयीने मी त्याला म्हटले, “पाव हिस्सा जास्त पॅनेल मिळतील हे मान्य. पाव हिस्सा जास्त वीज मिळेल का, ते आधी पाहू.” त्या संध्याकाळी आम्ही वही घेऊन जो हिशेब मांडला, तोच येथे देत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांच्या आणि घरांच्या गच्च्या अशाच चिंचोळ्या आहेत.

प्रथम पॅनेलची जागा पाहू. या मापाचे एक पॅनेल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. दक्षिणमुखी मांडणीत चार पॅनेल शेजारी शेजारी उभी ठेवली, की पंधरा फुटांची एक ओळ होते. अठरा फुटांच्या रुंदीत ती बसते आणि तीन फूट जागा उरते. ओळीला १५ अंशांचा कल दिला की तिची मागची कड सुमारे दोन फूट वर उचलली जाते व तिची सावली मागच्या ओळीकडे पडते. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला ही सावली सर्वांत लांब असते. त्या दिवशी सकाळी नऊच्या सूर्याचा विचार केला, तर दोन ओळींत अडीच फूट अंतर ठेवावे लागते. प्रत्येक ओळ जमिनीवर सव्वासात फूट जागा घेते. चार ओळी आणि त्यांच्यातील तीन अंतरे मिळून साडेछत्तीस फूट होतात. पाचवी ओळ घालायची तर सेहेचाळीस फूट लागतील. म्हणून चार ओळी, सोळा पॅनेल, ८.६४ किलोवॉट.

पूर्व-पश्चिम मांडणी तंबूसारखी असते. मधला कणा उत्तर-दक्षिण जातो, एक पाखे पूर्वेला उतरते, दुसरे पश्चिमेला. कल साधारण १० अंशांचा. दोन्ही पाख्यांची मिळून रुंदी पुन्हा पंधरा फूटच होते. फरक लांबीत पडतो. येथे एकामागे एक ओळी नाहीत, त्यामुळे सावलीसाठी मोकळे अंतर सोडावे लागत नाही. ३८ फुटांत एका पाख्यावर दहा, म्हणजे दोन्हींवर मिळून वीस पॅनेल बसतात. क्षमता १०.८ किलोवॉट. विक्रेत्याचा पाव हिस्सा येथून आला होता, आणि पॅनेलच्या संख्येपुरता तो खरा होता.

आता विजेकडे येऊ. करमाड सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, तेथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो आणि मग पुन्हा दक्षिणेकडे वळतो. म्हणजे वर्षातले सुमारे दहा महिने मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. दक्षिणमुखी पॅनेल त्याच्याकडे वळून बसते. त्याचा जादा उतारा येतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात.

पूर्व-पश्चिम तंबूचे गणित मोठे गमतीचे आहे. सकाळी पूर्वेचे पाखे सूर्यासमोर येते व त्याला जास्त ऊन मिळते, पण त्याच वेळी पश्चिमेच्या पाख्याला जवळजवळ तेवढेच कमी मिळते. संध्याकाळी उलट. एकाची जमा ती दुसऱ्याची नावे. दोन्ही पाख्यांची बेरीज केली तर दिवसाच्या बहुतेक वेळी ती, तीच पॅनेल गच्चीवर अगदी आडवी ठेवली असती तर जेवढी वीज मिळाली असती, त्याहून साधारण दीड टक्क्याने कमी येते. म्हणून १० अंशांच्या तंबूचा हिशेब करताना त्याला आडव्या पॅनेलचाच भाऊ समजावे. “सकाळ-संध्याकाळ जास्त वीज” हा विक्रेत्याचा दुसरा दावा अशा उथळ कलाला फारसा लागू पडत नाही. पाखी तीस अंशांसारखी उभी असती तर गोष्ट वेगळी होती.

आडव्या पॅनेलला हिवाळ्यात सूर्य तिरका पडतो. डिसेंबरच्या स्वच्छ दुपारी तंबूतील पॅनेल दक्षिणमुखी पॅनेलच्या मानाने जवळपास पाचवा हिस्सा वीज कमी देते. जूनमध्ये पारडे फिरते आणि तंबू दक्षिणेहून तीन-चार टक्क्यांनी सरस ठरतो. परंतु त्या महिन्यात ढग आलेले असतात. वर्षाची बेरीज केली, की आपल्या भागात १० अंशांचे पूर्व-पश्चिम पॅनेल १५ अंशांच्या दक्षिणमुखी पॅनेलपेक्षा सुमारे ६ ते ८ टक्के कमी वीज देते. आम्ही सात टक्के धरले.

दक्षिणमुखी एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४६० युनिट हा आपल्याकडील नेहमीचा अंदाज आहे. त्यातून सात टक्के वजा केले की पूर्व-पश्चिमचे सुमारे १,३५८ युनिट येतात. आता पूर्ण गच्चीचा आकडा पाहू. दक्षिणमुखी सोळा पॅनेलचे वर्षाला सुमारे १२,६०० युनिट आणि तंबूतील वीस पॅनेलचे सुमारे १४,६५०. वाढ सुमारे दोन हजार युनिटांची, म्हणजे सोळा टक्क्यांची. पंचवीस टक्क्यांतून नऊ टक्के येथेच गळाले.

यानंतर आम्ही गच्चीवर गेलो. कागदावर दिसत नाहीत अशा दोन गोष्टी तेथे दिसल्या.

पहिली पॅनेल धुण्याची. करमाडच्या रस्त्यालगत धूळ किती असते ते सांगायला नको. पावसाळा सोडला तर पॅनेल दर पंधरवड्याला धुवावी लागतात. दक्षिणमुखी मांडणीत ओळींमधली अडीच फुटांची जागा आपोआप वाट होते. तंबूत तशी वाटच नसते. १८ फुटांतून १५ फूट गेले, की दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतो. कठड्याला अंग घासत माणूस तेथून कसाबसा जाईल, पण हातात लांब दांड्याचा ब्रश आणि पाण्याची नळी घेऊन काम करू शकणार नाही. पूर्ण जागा एका बाजूला सोडली तर तिकडे तीन फुटांची चांगली वाट मिळते, पण पलीकडच्या पाख्यावर हात पोहोचत नाही. यावर उपाय एकच. मधली एक जोडी काढून आडवी वाट ठेवायची. मग एका पाख्यावर नऊ, एकूण अठरा पॅनेल, ९.७२ किलोवॉट, आणि मध्ये चार फुटांची वाट.

दुसरी गोष्ट वीजजोडणीची. पुतण्याच्या दुकानाचा मंजूर भार १० किलोवॉट आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटरिंगखालील छतावरील सौर संचाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. १०.८ किलोवॉटचा संच बसवायचा तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल आणि त्यासोबतचा खर्चही सोसावा लागेल. म्हणून वीस पॅनेलचा पर्याय दोन्ही कारणांनी मागे पडला. खरी तुलना सोळा आणि अठरा यांचीच राहिली.

अठरा पॅनेलच्या तंबूचे वर्षाचे युनिट १३,२०० होतात, दक्षिणमुखी सोळाचे १२,६००. फरक सुमारे ६०० युनिटांचा. येथे आपल्या धंद्यातील जुनी रीत उपयोगी पडते. एकूण नफा पाहायचा नाही, वाढीव भांडवलावरचा नफा पाहायचा. समजा किलोवॉटला ५०,००० रुपये खर्च आणि एका युनिटमागे बिलात १० रुपये बचत धरली. (हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. प्रत्येकाने आपले दरपत्रक आणि आपले बिल पाहून ते बदलावेत.) दक्षिणमुखी संचाला ४,३२,००० रुपये लागतील आणि वर्षाला सुमारे १,२६,००० वाचतील, म्हणजे मुद्दल साडेतीन वर्षांच्या आत सुटते. तंबूसाठी त्यावर आणखी ५४,००० रुपये घालायचे आणि वर्षाला मिळायचे जास्तीचे सुमारे ६,००० रुपये. या ५४,००० चे मुद्दल सुटायला नऊ वर्षे लागतील. एकूण आकड्यात तंबू पुढे दिसतो, पण वाढीव रुपयाच्या दृष्टीने तो सौदा फार मंद आहे.

आणखी एक शक्यता तपासली. मंजूर भार ८ किलोवॉटच असता तर दोन्ही मांडण्यांत ८ किलोवॉटचीच पॅनेल बसली असती. मग दक्षिणेचे ११,६८० युनिट आणि पूर्व-पश्चिमचे सुमारे १०,८६० युनिट झाले असते. दरवर्षी ८०० युनिटांचा शुद्ध तोटा, आणि मोबदला काहीच नाही. यावरून एक सूत्र हाती लागते. जेथे आपल्याला जागा अडवते, तेथे पूर्व-पश्चिमचा विचार करावा. जेथे मंजूर भार किंवा आपला वापर अडवतो, तेथे दक्षिणच ठेवावी.

“मग परदेशात सगळीकडे पूर्व-पश्चिम का बसवतात?” पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता. जर्मनीसारख्या देशात, पन्नास अंश अक्षांशावर, डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य जेमतेम सोळा-सतरा अंश वर येतो. तेथे दक्षिणमुखी ओळींची सावली फार लांब पडते आणि सपाट छताची पुष्कळ जागा मोकळी सोडावी लागते. तंबू केला की ती सगळी जागा कामास येते. आपल्याकडे सूर्य उंच आणि कल कमी, त्यामुळे ओळींतली मोकळी जागा पाव हिश्श्याइतकीच असते. मुळात वाया जाणारी जागाच थोडी, म्हणून ती वाचवून होणारा लाभही थोडा.

तंबूला आणखी एक धोका होता आणि तो गच्चीवर उभे राहिल्यावरच कळला. अरुंद भूखंडाला शेजार असतो तो पूर्व आणि पश्चिम अंगालाच. आज दोन्ही शेजाऱ्यांच्या गच्च्या पुतण्याच्या पातळीला आहेत. पण पूर्वेच्या शेजाऱ्याने पुढच्या वर्षी एक मजला चढवण्याचे बोलून दाखवले आहे. दहा फुटांची भिंत उभी राहिली, आणि आपले पाखे तिच्यापासून दीड फुटावर, कठड्याच्या उंचीला असले, तर मार्च किंवा सप्टेंबरमध्ये पाख्याच्या खालच्या कडेला सुमारे साडेअकरापर्यंत ऊन मिळणार नाही. वरच्या कडेला ते साडेआठनंतर पोहोचेल. भिंतीची सावली दक्षिणमुखी ओळींवरही पडेल, पण त्यांची मुख्य कमाई भर दुपारची असते. पूर्वेच्या पाख्याची चांगली वेळ सकाळचीच, आणि नेमकी तीच भिंत खाऊन टाकते. करमाडला मध्यान्ह घड्याळाच्या साडेबाराच्या सुमारास होते, हेही हिशेबात धरावे. सकाळ घड्याळात वाटते त्यापेक्षा अर्धा तास उशिराच सुरू होते. संचाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानतात. तेव्हा आजच्या शेजाराकडे न पाहता, उद्या तेथे काय उभे राहू शकते ते पाहावे.

एवढे झाल्यावर पुतण्याने दक्षिणमुखी सोळा पॅनेलचा निर्णय घेतला. परंतु गोष्ट येथे संपली नाही, कारण दुकानापासून थोड्या अंतरावर त्याचे पत्र्याचे गोदाम आहे. गोदामाचा कणा उत्तर-दक्षिण आहे आणि त्याची पत्र्याची दोन पाखी मुळातच पूर्वेला व पश्चिमेला उतरलेली आहेत, कल सुमारे १० अंशांचा. तेथे वेगळा सांगाडा उभारून पॅनेल दक्षिणेकडे वळवणे हा खरा वेडेपणा ठरला असता. उंच उचललेल्या पॅनेलखाली वारा शिरतो, सांगाड्याचे वजन पत्र्याखालच्या कैच्यांवर येते आणि सात टक्क्यांसाठी छताला नको तेवढी भोके पडतात. तेथे पॅनेल पत्र्याला समांतर, थोडी फट ठेवून, दोन्ही पाख्यांवर बसवणे हेच योग्य. पूर्व-पश्चिम मांडणीचे आपल्याकडील खरे घर म्हणजे असे छत.

गोदामाच्या दरपत्रकात मी एकच गोष्ट बदलून घेतली, आणि पूर्व-पश्चिम बसवणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी. पॅनेल एकामागे एक जोडून त्यांची साखळी केली जाते. साखळीत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सर्वांत कमी ऊन मिळणारे पॅनेल बाकीच्यांनाही मागे खेचते. पाण्याच्या नळीचा एक तुकडा बारीक असला की पुढे पाणी तेवढेच येते, तसे. पूर्वेची आणि पश्चिमेची पॅनेल एकाच साखळीत गुंफली, तर सकाळी पश्चिमेची पूर्वेला अडवतात आणि संध्याकाळी पूर्वेची पश्चिमेला. म्हणून पूर्वेची साखळी वेगळी, पश्चिमेची वेगळी, आणि दोन्ही इन्व्हर्टरच्या दोन स्वतंत्र एमपीपीटी जोडांवर हव्यात. एमपीपीटी हा इन्व्हर्टरमधील भाग आपल्या साखळीतून त्या त्या क्षणी जास्तीत जास्त वीज काढतो. गोदामाच्या पहिल्या दरपत्रकात एकच एमपीपीटी असलेला स्वस्त इन्व्हर्टर लिहिला होता. काही हजारांची ती बचत रोज सकाळ-संध्याकाळ फेडावी लागली असती.

काम नीट झाले की नाही, हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. स्वच्छ दिवशी सकाळी नऊ वाजता इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर दोन्ही साखळ्यांचा प्रवाह पाहावा. पूर्वेचा आकडा पश्चिमेपेक्षा स्पष्टपणे मोठा दिसला पाहिजे. दुपारी साडेबाराला दोन्ही जवळजवळ सारखे व्हावेत आणि चारला पश्चिमेचा मोठा व्हावा. पाख्यांवर पॅनेल सारखीच असून तिन्ही वेळी दोन्ही आकडे समान दिसले, तर दोन्ही पाख्यांची पॅनेल एकमेकांत गुंफली गेली आहेत, असे समजावे आणि पैसे चुकते करण्याआधी जोडणी बदलून घ्यावी.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. “अरुंद गच्ची” म्हणताना ती कोणत्या दिशेने अरुंद आहे, हे आधी पाहावे. वर सांगितलेले गणित पूर्व-पश्चिम अरुंद गच्चीचे आहे. हीच १८ बाय ३८ फुटांची जागा आडवी असती, म्हणजे उत्तर-दक्षिण १८ आणि पूर्व-पश्चिम ३८ फूट, तर दक्षिणमुखी दहा-दहा पॅनेलच्या दोन ओळी बसल्या असत्या, एकूण वीस. तंबू मात्र दोनच मावले असते, एकेकात आठ पॅनेल, एकूण सोळा. तेथे दक्षिणेला संख्याही जास्त आणि दर पॅनेलमागे वीजही जास्त, म्हणजे वादच उरत नाही.

म्हणून विक्रेत्याचे दरपत्रक हाती आले, की पॅनेलची संख्या पाहून हुरळून जाऊ नये. होकायंत्र आणि फीत घेऊन गच्चीवर जावे, वाट सोडून किती पॅनेल बसतात ते मोजावे, बिलावरील मंजूर भार पाहावा, आणि जास्तीच्या पॅनेलवर जास्तीचा रुपया किती वर्षांत परत येतो ते काढावे. पुतण्याच्या वहीत हा सगळा हिशेब दीड पानात मावला. त्या दीड पानाने गच्चीचे उत्तर दक्षिण आले आणि गोदामाचे पूर्व-पश्चिम. एकाच मालकाच्या दोन छतांना दोन वेगळी उत्तरे मिळाली, आणि दोन्ही बरोबर होती.